फॉर्मवर नंबर कुणाचा?
महाराष्ट्रातल्या विमा प्रतिनिधींना खुले पत्र



मी विमा कंपनीच्या शाखेत पॉलिसी सेवा विभागात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माझ्या टेबलासमोर पॉलिसीधारक यायचे, तसे तुम्हीही यायचात. तुमच्यातल्या अनेकांनी पावसात, उन्हात, दोन बस बदलून लोकांपर्यंत विमा पोहोचवला आहे, हे मी जवळून पाहिलं आहे. त्याच विश्वासाने एका सवयीबद्दल लिहिते आहे. प्रस्ताव अर्ज भरताना 'मोबाइल क्रमांक' या रकान्यात ग्राहकाचा नंबर न लिहिता तुम्ही स्वतःचा नंबर लिहिता. ई-मेलच्या रकान्यात स्वतःचा किंवा त्याच वेळी घाईने उघडलेला एखादा ई-मेल देता. पत्ता मात्र ग्राहकाचा असतो, पण तो ज्या दिवशी लिहिला त्या दिवसाचा. पुढे घर बदललं तरी तो तसाच राहतो.

ही सवय का लागली तेही मला ठाऊक आहे. आजोबांकडे साधा बटणांचा फोन असतो, त्यांना ओटीपी वाचून सांगता येत नाही. कधी घरात एकच फोन असतो आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो. शिवाय ग्राहकाचा नंबर कंपनीकडे गेला की दुसरीकडून फोन सुरू होतात, 'जुनी पॉलिसी मोडा, नवी घ्या' असा आग्रह होतो आणि बांधलेला ग्राहक हातचा जातो, ही भीतीही असते. "मॅडम, हप्त्याची आठवण मीच करून देतो, त्यांना कशाला त्रास," हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असायचा. प्रतिनिधी धंद्यात असेपर्यंत, त्याचा नंबर चालू असेपर्यंत आणि तो धडधाकट असेपर्यंत ही व्यवस्था चालतेही. यातली एक गोष्ट बदलली की काय होतं, ते मला नीट सांगायचं आहे.

नाव-गाव वगळून एक प्रकरण सांगते. लालबागच्या चाळीत राहणारं निवृत्त जोडपं. जून २०२१ मध्ये त्यांनी ओळखीच्या प्रतिनिधीकडून दोघांची मिळून पाच लाखांची आरोग्य पॉलिसी घेतली. काकांना मधुमेह होता, तो अर्जात प्रामाणिकपणे लिहिला होता. त्यामुळे मधुमेहाशी संबंधित उपचारांसाठी तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ लागला आणि जून २०२४ मध्ये तो संपलाही. दरवर्षी मे महिन्यात प्रतिनिधीचा फोन यायचा, काकू धनादेश द्यायच्या, तो ऑनलाइन नूतनीकरण करून पावती आणून द्यायचा. कंपनीशी त्यांचा थेट संबंध कधी आलाच नाही. दरम्यान चाळ पुनर्विकासाला गेली आणि दोघं डोंबिवलीला भाड्याच्या घरात आले. प्रतिनिधीने विम्याचं काम सोडून दुसरा व्यवसाय धरला आणि नंबरही बदलला.

पॉलिसीची मुदत ११ जून २०२५ च्या मध्यरात्री संपली. त्याआधी कंपनीच्या यंत्रणेतून नूतनीकरणाचे संदेश गेले, ते प्रतिनिधीच्या बंद पडलेल्या नंबरवर. ई-मेल गेले, पण ज्याचा पासवर्ड काका-काकूंना कधी कळलाच नव्हता अशा खात्यात. कागदी सूचना गेली ती चाळीच्या पत्त्यावर, आणि तिथे तर चाळच उरली नव्हती. जूनमध्ये काकूंना आठवण झाली. "दरवर्षी तोच फोन करतो, करेल," असं म्हणून त्या थांबल्या.

मुदत संपल्यावर ३० दिवसांचा वाढीव काळ असतो, ज्याला आपण ग्रेस पीरियड म्हणतो. तो ११ जुलैला संपला. १९ जुलैला काकांच्या पायाची जखम चिघळली म्हणून त्यांना रुग्णालयात दाखल केलं. विम्याच्या खिडकीवर कार्ड दिलं, तेव्हा पॉलिसीची मुदत संपल्याचं काकूंना प्रथमच कळलं. बिल एक लाख ८४ हजारांचं झालं आणि ते साठवणीतून भरलं गेलं.

यातली खरी हानी बिलापेक्षा मोठी आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. ११ जुलैपर्यंत हप्ता भरला असता तर जुनं सातत्य शाबूत राहिलं असतं. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत, हप्ता न भरलेल्या मधल्या दिवसांत आजारपण आलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण १९ जुलैचं आजारपण त्या दिवसांतलं नव्हतंच, ते पूर्णपणे संरक्षणात बसलं असतं. वाढीव काळ उलटल्यावर मात्र कंपनीच्या दृष्टीने हे जोडपं नवं ग्राहक झालं. पुन्हा पहिल्या ३० दिवसांची अट लागली. मधुमेहासाठी प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाणार, आणि तो ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुनी माहिती लपवली असं म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. त्या संरक्षणासाठीची चार वर्षंही पुसली गेली. आणि आता काकांचं वय वाढलेलं, पायाचं आजारपण नोंदलेलं. नव्याने पॉलिसी द्यायची की नाही हे कंपनी ठरवणार.

काकूंनी तक्रार केली. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं: नोंदणीकृत क्रमांकावर आणि पत्त्यावर सूचना पाठवली आहे. नियमाच्या भाषेत ते बरोबर होतं. आरोग्य पॉलिसीच्या अटींत एक कलम असतं, जे ग्राहक कधी वाचत नाहीत आणि आपण कधी वाचून दाखवत नाही. नूतनीकरणाची सूचना देण्याचा कंपनी प्रयत्न करेल, पण तशी सूचना देणं तिच्यावर बंधनकारक नाही, असा त्याचा आशय. आयुर्विम्यात विमा कायदा १९३८ चं कलम ५० आहे. हप्ता थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत, पुढे कोणते पर्याय आहेत हे पॉलिसीधारकाला कळवावं, असं ते सांगतं. पण ते पर्याय पॉलिसीतच छापलेले असतील तर तेवढंही बंधन राहत नाही. आणि कळवायचं म्हणजे कुठे, तर कंपनीच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर. सूचना मिळाली नाही ही तक्रार तिथेच अडते. म्हणून अर्जावरचा तो एक रकाना इतका महत्त्वाचा.

आता त्या रकान्यातून काय काय जातं ते पाहा. नूतनीकरणाची सूचना तर झालीच. त्याआधी, पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीचा पडताळणीचा फोन येतो: ही पॉलिसी तुम्हीच घेतलीत ना, हप्ता किती, किती वर्षं भरायचा, हे समजलं का? तो फोन तुमच्याकडे आला आणि 'हो, हो' असं तुम्हीच सांगितलंत, तर ज्याच्या संरक्षणासाठी तो फोन ठेवला आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती पटली नाही तर परत करता येते. कागद ई-मेलने आला तर ते दिवस तिथूनच मोजले जातात. तो ई-मेल तुमच्या खात्यात पडला असेल, तर ग्राहकाचा हा हक्क त्याला कळण्याआधीच संपतो.

त्याहून नाजूक प्रसंग दाव्याचा. रुग्णालयाचं बिल आधी स्वतः भरून नंतर प्रतिपूर्ती मागितली, की कंपनी किंवा तिची टीपीए फाइल तपासते आणि काही कमी असेल तर शंकापत्र पाठवते. मूळ डिस्चार्ज कार्ड नाही, आतले केसपेपर हवेत, मधुमेह कधीपासून आहे त्याचा जुना डॉक्टरांचा कागद जोडा, अशा मागण्या त्यात असतात. हे पत्र एसएमएस आणि ई-मेलने येतं, त्यानंतर स्मरणपत्रं येतात, आणि उत्तर आलं नाही की फाइल बंद होते. घरचे लोक मात्र 'कंपनी पैसे देत नाही' म्हणून वाट पाहत बसलेले असतात. अनेकदा दावा नाकारलेला नसतो, कागदांअभावी बंद केलेला असतो, आणि हा फरक मोठा आहे. बंद झालेली फाइल मागितलेले कागद जोडून लेखी विनंतीने पुन्हा उघडून घेता येते. पण त्यासाठी काय मागितलं होतं ते आधी कळायला हवं. कंपनीच्या हेल्पलाइनला दावा क्रमांक सांगून 'शंकापत्र निघालं आहे का, कोणत्या तारखेला, कुठे पाठवलं' असं विचारलं की दोन मिनिटांत उलगडा होतो. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारायला लावा.

आयुर्विम्याच्या मुदतपूर्तीचंही असंच. एलआयसीची शाखा साधारण दोन महिने आधी पॉलिसीधारकाला पत्र आणि मुक्ततेचा अर्ज पाठवते. तो भरून, मूळ पॉलिसी जोडून, बँकेचा तपशील देऊन परत करायचा असतो. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, तर पैसे कंपनीतच पडून राहतात. दहा वर्षं कुणी मागितले नाहीत की ते केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होतात. तिथे गेल्यावरही पुढची २५ वर्षं मूळ धारकाला किंवा वारसाला ते विमा कंपनीमार्फत मागता येतात. तुमच्या जुन्या ग्राहकांपैकी कुणाचे पैसे असे पडले असतील, तर विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दावा न केलेल्या रकमा शोधायची सोय आहे. पॉलिसी क्रमांक, नाव, जन्मतारीख, पॅन यांच्या आधारे शोध घेता येतो. गावाकडे गणपतीला किंवा शिमग्याला गेलात तर ज्यांच्या पॉलिसी वडिलांनी मुंबईत असताना काढल्या होत्या त्यांना बसवून एकदा हे पाहा. कोकणातल्या कितीतरी पॉलिसींवर अजून गिरणगावातल्या खोल्यांचे पत्ते आहेत.

'मग मुलाचा नंबर देऊ' हा पर्याय तुम्ही सुचवाल. तो तुमच्या नंबरापेक्षा नक्कीच बरा, पण त्यालाही मर्यादा आहेत. मुलगा परदेशात गेला, इथलं सिम बंद ठेवलं, तर ९० दिवस वापर नसलेला आणि पुरेशी शिल्लक नसलेला नंबर मोबाइल कंपनी बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी किमान ९० दिवसांनी तोच नंबर नव्या माणसाला दिला जाऊ शकतो. त्यानंतर आईवडिलांच्या पॉलिसीचे संदेश आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात जातात. ई-मेलचंही तसंच. तुम्ही घाईने उघडून दिलेलं गूगलचं खातं दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर गूगल ते हटवू शकतं. आणि वापरातल्या खात्यातली १५ जीबी फुकट जागा फोटोंनी भरली की नवा ई-मेल आत येतच नाही. पाठवणाऱ्याच्या दप्तरी मात्र 'पाठवला' अशी नोंद राहते. घरात बटणांचा फोन असला तरी एसएमएस त्यावर येतो. तो वाचता येत नसेल तर शेजारची कॉलेजातली मुलगी वाचून दाखवील. म्हणून नंबर त्या घरातलाच असू दे, आणि दुसरा पर्यायी नंबर लिहायला जागा असेल तर तिथे मुलाचा घाला.

आता दुरुस्ती कशी करायची ते. एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे होईल, हा समज आधी ग्राहकाच्या आणि आपल्याही मनातून काढायला हवा. आधारवरचा पत्ता बदलला म्हणून पॉलिसीवरचा बदलत नाही. बँकेत नवा नंबर दिला म्हणून विमा कंपनीला तो कळत नाही. एकाच माणसाच्या एकाच कंपनीत चार पॉलिसी असतील, तर अर्जात चारही क्रमांक लिहा. एकच क्रमांक लिहून दिला आणि बाकी तीन जुन्याच पत्त्यावर राहिल्या, अशी प्रकरणं माझ्या टेबलावर नेहमी यायची. पत्त्यासाठी स्वाक्षरी केलेला अर्ज आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. मोबाइल आणि ई-मेल बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरही बदलता येतात, पण तिथे ओटीपी अनेकदा जुन्याच नंबरवर जातो. जुना नंबर तुमचा असेल तर निदान तो चालू असेपर्यंत हे काम करून टाका. तो बंद असेल तर ओळखपत्र घेऊन शाखेत जाण्याला पर्याय नाही. आरोग्य किंवा वाहन विम्यात बदल झाला की एन्डॉर्समेंटचा कागद निघतो. तो मागून घ्या आणि त्यावरचा नंबर एकेक आकडा करून ग्राहकाला वाचून दाखवा. हे नूतनीकरणाच्या गर्दीत करू नका. तेव्हा गेल्या वर्षाचाच तपशील पुढे ओढला जातो.

पत्ता बदलताना एक अडचण येते, ती लपवू नका. काही आरोग्य पॉलिसींचा हप्ता शहराच्या विभागावर ठरतो. सातारा सोडून मुंबईला आलेल्या कुटुंबाचा हप्ता वाढू शकतो, म्हणून लोक नवा पत्ता सांगायला कचरतात, आणि कधी कधी आपणही 'राहू द्या' म्हणतो. पण अशा पॉलिसीत खालच्या विभागाचा हप्ता भरून वरच्या विभागात उपचार घेतले, तर बिलातला काही टक्के वाटा रुग्णाला स्वतः उचलावा लागू शकतो. ते आधी सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या.

बदल झाला हे कशावरून ओळखायचं? नव्या नंबरवर कंपनीचा संदेश आला पाहिजे. पुढच्या हप्त्याच्या पावतीवर नवा पत्ता छापून आला पाहिजे. ग्राहकाने स्वतः हेल्पलाइनला फोन करून 'माझ्या नंबरचे शेवटचे चार आकडे सांगा' असं विचारावं. तुम्ही बाजूला बसा, फोन त्यांना लावू द्या. विमा कंपन्यांच्या सेवा-कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत, हेही त्यांना सांगून ठेवा. दुसऱ्या कोणत्याही नंबरवरून 'बोनस अडकला आहे' म्हणून फोन आला तर तो ठेवून द्यावा. ग्राहक पळवले जाण्याची तुमची भीती यामुळेही थोडी कमी होईल.

त्या भीतीबद्दल एवढंच म्हणते. ग्राहकाला पत्ता बदलायला, वारस नेमायला सुचवणं, त्यासाठी लागेल ती मदत करणं आणि हप्ता वेळेत जावा म्हणून आठवण देणं हे प्रतिनिधींच्या आचारसंहितेतलं कर्तव्यच आहे. कंपनीचा एसएमएस ग्राहकाला गेला आणि पाठोपाठ तुमचा फोनही गेला, तर तुमचं काही कमी होत नाही. उद्या तुम्ही हे काम सोडलंत तर तुमच्या पॉलिसी 'ऑर्फन' होतात, आणि दुसऱ्याकडे सोपवेपर्यंत मधल्या काळात त्या घरांना कंपनीशी जोडणारं दुसरं काहीच उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुणी शिकवत नाही. घरातला पॉलिसीधारक गेला की नातेवाईक पहिल्या महिन्यात त्याचा फोन बंद करतात, रिचार्ज थांबवतात. पण कंपनीच्या दप्तरी तोच नंबर असतो, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, आणि त्याच्या नावावरच्या इतर पॉलिसींचे संदेशही तिथेच येऊन घरच्यांना त्या असल्याचं कळतं. म्हणून सगळे दावे निकाली निघेपर्यंत ते सिम चालू ठेवायला सांगा. आणि मृत्यूदाव्याच्या अर्जावर, एलआयसीत तो ३७८३ क्रमांकाचा, दावेदाराचा स्वतःचा नंबर आणि स्वतःचा पत्ता लिहून घ्या. तिथेही तुमचा लिहू नका. त्या दिवसांत घरात कुणाचं चित्त ठिकाणावर नसतं आणि तुम्ही द्याल तो कागद लोक सही करून परत देतात.

ज्यांचं आधीच नुकसान झालं आहे त्यांना दार कुठे आहे तेही दाखवा. आयुर्विम्याची पॉलिसी बंद पडली असेल तर पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून साधारण पाच वर्षांत, युलिप असेल तर तीन वर्षांत, ती थकबाकी आणि व्याज भरून, लागल्यास तब्येतीचा दाखला देऊन पुन्हा चालू करता येते. आरोग्य पॉलिसीत एवढी मुभा नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यायची, मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवायची. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, आणि नकाराच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अशा तक्रारीत 'अर्जावरचा नंबर माझा नव्हता' हे सिद्ध करायला मूळ प्रस्ताव अर्जाची प्रत लागते. ती प्रत ग्राहकाने मागितली तर अडवू नका, तुम्हीच मिळवून द्या.

शेवटी, एक काम या महिन्यातच करा. शाखेतून किंवा तुमच्या पोर्टलवरून तुमच्या पॉलिसींची यादी काढा आणि मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर शोधा. ज्या ज्या ओळीत तो दिसेल त्या घरी जा. पुढच्या तीन महिन्यांत ज्यांचं नूतनीकरण किंवा मुदतपूर्ती आहे त्यांच्याकडे आधी.

आपली,
विमा कंपनीतली एक निवृत्त कर्मचारी